जांघेतील केसांत वळवळ, खाज आणि बारीक ठिपके: उवा की खरूज? औषध घरातील कोणाकोणाला द्यावे?

तापीकाठ_रावेर (धागाकर्ता)

नमस्कार. विषय संकोचाचा आहे, त्यामुळे नाव न देता लिहीत आहे. माझे वय ३६ आहे. केळीच्या मालाबरोबर महिन्यातून दोनदा ट्रकने उत्तरेकडे जावे लागते आणि मुक्काम बहुधा सामायिक खोल्यांमध्ये असतो. गेल्या तीन आठवड्यांपासून जांघेतील केसांत सतत काहीतरी चालत असल्यासारखी वळवळ होते आणि खाज सुटते. सुरुवातीला घामामुळे गजकर्ण झाले असावे असे वाटले, म्हणून औषधाच्या दुकानातून खाजेचे मलम आणून आठ दिवस लावले. चार दिवस बरे वाटले आणि नंतर खाज पहिल्यापेक्षा वाढली. परवा नीट पाहिले तेव्हा केसांच्या मुळाशी बारीक, पांढरट-तपकिरी ठिपके दिसले. आतल्या कपड्यांवरही गंजासारखे बारीक डाग पडतात.

दुसरी गोष्ट अशी की गेल्या दहा दिवसांपासून माझी दोन्ही मुले (वय ९ आणि ५) आणि भावाची तीन वर्षांची मुलगी रात्री झोपेत हात आणि पोट खाजवतात. आमचे एकत्र कुटुंब आहे: आई, मी, पत्नी, दोन मुले, धाकटा भाऊ, भावजय, त्यांची मुलगी आणि शिक्षणासाठी आमच्याकडे असलेला बारा वर्षांचा भाचा, असे नऊ जण. भावजयीला सहावा महिना सुरू आहे. माझ्यामुळेच मुलांना हे झाले असेल का, हा विचार मला रात्रभर झोपू देत नाही. घरातील सर्वांना औषध द्यावे लागेल का? आणि द्यायचे झाल्यास आईला आणि भावजयीला काय म्हणून सांगू?

शुभदा_अमळनेर

दादा, उवा म्हणजे घाबरण्यासारखे काही नाही. माझ्या मुलीला शाळेतून दर दोन महिन्यांनी होतात. केसांना तेल लावून बारीक फणीने रोज विंचरावे आणि शाळेत वेणी घट्ट बांधून पाठवावे. घरातील सर्वांचे डोके तपासून घ्या, विशेषतः पत्नीचे आणि आईचे.

तापीकाठ_रावेर

ताई, आपण आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल आभार. परंतु माझा प्रश्न डोक्यातील उवांचा नाही. कोणाच्याही डोक्यात काही दिसत नाही. त्रास मला जांघेत आहे आणि मुलांना हातांना व पोटाला आहे.

बळीराजा_यावल

भाऊ, हे आमच्याकडे मजुरांमध्ये पाहिले आहे. सर्व केस वस्तऱ्याने काढून टाका, म्हणजे त्यांना राहायला जागाच उरणार नाही. पर्मेथ्रिन म्हणून जे महागडे मलम देतात ते आपण कपाशीवर फवारतो त्या सायपरमेथ्रिनच्याच कुळातील आहे, हे मला कृषी केंद्रावर समजले. तेव्हा बादलीभर पाण्यात झाकणभर औषध टाकून त्याने अंग पुसले तरी काम होते. माझ्या काकांनी केले होते आणि ते बरे झाले.

मंदाताई_धुळे (निवृत्त परिचारिका)

बळीराजा भाऊ, दोन्ही औषधे एकाच कुळातील आहेत, एवढे तुमचे म्हणणे खरे आहे. मात्र त्यावरून काढलेला निष्कर्ष फार धोक्याचा आहे आणि तो येथे वाचून कोणी करून पाहू नये, यासाठी आधी यावरच लिहिते. फवारणीच्या बाटलीत केवळ औषध नसते. पिकाच्या पानावर चिकटावे म्हणून त्यात विद्रावक आणि इतर रसायने मिसळलेली असतात, आणि ती माणसाच्या कातडीसाठी तपासलेली नसतात. त्यातही अंडकोषावरची कातडी इतकी पातळ असते की हाताच्या कातडीच्या तुलनेत तिच्यातून कोणतेही औषध कितीतरी पटींनी जास्त शरीरात जाते. शिवाय शेतघरात बाटल्यांची अदलाबदल होते. चुकून दुसऱ्या कुळातील कीटकनाशक अंगाला लागले तर लाळ गळणे, दरदरून घाम, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या होणे आणि श्वास अडकणे इथपर्यंत गोष्ट जाते. फवारणीच्या हंगामात असे रुग्ण मी स्वतःच्या हातांनी खाटेवर घेतलेले आहेत. काका बरे झाले हे त्यांचे नशीब समजा.

केस काढण्याबद्दलही अर्धेच बरोबर आहे. केस काढल्याने उवा कमी होतात, परंतु त्या मांड्यांवरच्या, पोटावरच्या, छातीवरच्या आणि काखेतल्या केसांतही बसलेल्या असतात. त्रास खरजेचा असेल तर केस काढून काहीच उपयोग नाही, कारण खरजेचा किडा केसांत राहत नाही, तो कातडीत बोगदा करून राहतो.

आता तापीकाठ भाऊ, तुमच्या लिखाणात मला एक नव्हे तर दोन आजार दिसत आहेत. प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय खात्रीने सांगता येत नाही, परंतु तुम्ही स्वतः एक साधी तपासणी करू शकता. ठिपका असलेला एक केस मुळापासून उपटून पांढऱ्या कागदावर ठेवा आणि ट्यूबलाइटखाली मुलांच्या दप्तरातील भिंगातून पाहा. ठिपका दोन नखांत धरून केसावरून सरकवून बघा. सहज सरकला किंवा फुंकर मारताच उडाला तर तो कोंडा आहे. सरकतच नसेल, जणू डिंकाने चिकटवला आहे असे वाटले, तर ती लीख आहे. ठिपक्याला पाय दिसले आणि तो हलला तर मग प्रश्नच उरत नाही. खरजेचा किडा इतका बारीक असतो की तो नुसत्या डोळ्यांना असा केसावर बसलेला दिसत नाही. त्यामुळे डोळ्यांना जे दिसते आहे आणि मुलांना जे खाजते आहे, ती दोन वेगवेगळी कारणे असण्याची शक्यता मोठी आहे.

मुलांच्या बाबतीत रात्री झोपल्यावर बोटांच्या बेचक्या, मनगटाची आतली बाजू, बेंबीभोवतीचा भाग आणि मुलगे असल्यामुळे शिस्न व अंडकोष, हे सर्व पाहा. कोणाला बारीक पुरळ आणि त्याच्या जवळ पेन्सिलीने ओढल्यासारखी वाकडी, अर्धा-एक सेंटिमीटरची रेघ दिसते का ते सांगा.

तापीकाठ_रावेर

मंदाताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे काल रात्री केले. केसावरचा ठिपका नखाने सरकला नाही, कागदावर केस घासला तरी तो तसाच चिकटून राहिला. दुसऱ्या केसाच्या मुळाशी तिळाहून लहान, चपटा, खेकड्यासारखा आकार होता आणि भिंगाखाली त्याचे पाय हळूहळू हलताना मी पाहिले. मला मळमळले, पण निदान काय आहे ते कळले.

मुलांची बोटेही पाहिली. मोठ्या मुलाच्या डाव्या हाताच्या तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात पुरळ आहे. तुम्ही म्हणता तशी रेघ आहे की ओरखडा, हे मला सांगता येत नाही. धाकट्याच्या शिस्नावर दोन लालसर गाठी आहेत. भाच्याच्या मनगटावर आणि कमरेवर सर्वांत जास्त पुरळ आहे. त्याने सांगितले की तो आधी ज्या वसतिगृहात होता, तेथे दिवाळीच्या आधीपासूनच अनेक मुले खाजवत होती. दिवाळीच्या सुटीत तो आमच्याकडे आला आणि तेव्हापासून तिन्ही मुले त्याच्याबरोबर एकाच गोधडीत झोपतात.

मंदाताई_धुळे (निवृत्त परिचारिका)

रेघ की ओरखडा हे ओळखायची जुनी युक्ती आहे. त्या जागेवर शाईच्या पेनाची शाई चोळा आणि अर्ध्या मिनिटाने ओल्या कापडाने पुसून टाका. खरजेचा बोगदा असेल तर त्यात शाई शिरून निळी वाकडी रेघ राहते, ओरखडा असेल तर शाई पुसली जाते किंवा पसरते. मात्र शाईची रेघ दिसली नाही म्हणून खरूज नाही असे समजू नका, कारण पहिल्यांदा खरूज झालेल्या माणसाच्या सबंध अंगावर साधारण दहा-पंधराच किडे असतात आणि खाजवून खाजवून बोगदे फुटलेले असतात. निदान रेघेपेक्षा गोष्टीवरून जास्त होते: घरातील दोन किंवा अधिक माणसांना खाज, ती रात्री वाढते, आणि ठरलेल्या जागी पुरळ.

भाच्याने सांगितलेला काळही जुळतो. खरूज पहिल्यांदा होते तेव्हा किडा अंगात शिरल्यापासून खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, कारण खाज ही किड्याच्या चावण्याची नसून शरीराने त्याच्याविरुद्ध उठवलेल्या प्रतिक्रियेची असते. दिवाळीत मुले एका गोधडीत झोपली आणि आता खाजवू लागली. म्हणजे, भाऊ, मुलांची खाज तुमच्यामुळे नाही. आज खाज नसलेल्या तुमच्या आईच्या आणि भावाच्या अंगावरही किडे असू शकतात आणि त्यांना अजून ते कळलेले नसेल. म्हणूनच खरजेत खाज असो वा नसो, घरातील प्रत्येकाला एकाच रात्री औषध लावावे लागते.

त्वचाविकार_निवासी

मी त्वचारोग विषयात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. मंदाताईंनी जे लिहिले त्याला माझे अनुमोदन आहे आणि एक फरक अधिक स्पष्ट करतो, कारण या प्रश्नाचा सारा गुंता त्यातच आहे.

जांघेतील उवा आणि खरूज यांत औषध जवळजवळ तेच असले तरी औषध कोणाला द्यायचे याचा नियम वेगळा आहे. जांघेतील उवा मुख्यतः शरीरसंबंधातून जातात, त्यामुळे त्यासाठी तुमच्यावर आणि तुमच्या पत्नीवर एकाच वेळी उपचार व्हावेत, तसेच गेल्या काही महिन्यांत ज्यांच्याशी संबंध आला असेल त्यांनाही ते कळवावे. आई, भाऊ, भावजय, मुले यांना उवांसाठी औषध लावण्याची गरज नाही. खरजेत मात्र एका छपराखाली राहणारे, एकत्र झोपणारे, मुलांना कडेवर घेणारे सर्व आले. तुमच्या घरात दोन्ही असल्यामुळे तुमचे काम एका अर्थाने सोपे झाले आहे: खरजेसाठी सर्वांनाच पाच टक्के पर्मेथ्रिनचे मलम रात्रभर लावायचे आहे, आणि तेच मलम तुम्ही दोघांनी सर्व केसाळ भागांसह लावले तर उवांचाही बंदोबस्त होतो. घरात सांगायचे ते एवढेच की मुलांना खरूज झाली आहे. ते खरेही आहे.

तुम्ही आधी लावलेले मलम कोणते होते? त्याच्या नळीवर क्लोबेटासोल, बेक्लोमेथासोन असे काही लिहिलेले आहे का?

औषधालय_शिरपूर

मी औषधविक्रेता आहे आणि या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ निश्चित "होय" असे येईल, हे मला ठाऊक आहे. जांघेतील खाजेसाठी दुकानात जी तीन-चार औषधांची मिश्रणे मागितली जातात, त्यांत एक स्टेरॉइड असते. त्याने खाज चार दिवस दबते, पुरळाचे रूप बदलते आणि डॉक्टरांनाही मग निदान करणे अवघड जाते. असे मलम चिठ्ठीशिवाय देऊ नये, परंतु दिले जाते, आणि आमच्या व्यवसायाची ही चूक मी येथे मान्य करतो.

आणखी एक घोटाळा रोज पाहतो. पर्मेथ्रिन एक टक्का आणि पाच टक्के अशा दोन ताकदींत येते. एक टक्क्याचे लोशन उवांसाठी असते, ते लावून दहा मिनिटांनी धुवायचे असते. पाच टक्क्यांचे मलम खरजेसाठी असते आणि ते आठ ते चौदा तास अंगावर ठेवायचे असते. लोक खरजेसाठी एक टक्क्याचे लोशन घेऊन जातात, दहा मिनिटांत आंघोळ करतात आणि औषध लागू पडत नाही अशी तक्रार घेऊन येतात. मोठ्या माणसाला एका वेळेस सुमारे ३० ग्रॅम मलम लागते. नऊ जणांच्या घरात दोन नळ्या नेणाऱ्याला मी आता परत बोलावून हिशेब समजावून सांगतो.

तापीकाठ_रावेर

होय, नळीवर क्लोबेटासोल लिहिलेले आहे. आजपासून ते बंद केले.

शुभदा_अमळनेर

आधी मी प्रश्न नीट वाचला नाही, त्याबद्दल क्षमस्व. आता वाचताना माझ्याच घराची आठवण झाली. माझ्या बहिणीच्या पाच महिन्यांच्या बाळाच्या तळपायांवर आणि डोक्यावर पुरळ आहे आणि ते रात्रभर रडते. सर्वजण म्हणतात की खरूज डोक्यावर होत नाही, म्हणून हे उष्णतेचे आहे. बाळाला हे मलम चालते का?

त्वचाविकार_निवासी

मोठ्या माणसांत खरूज सहसा मानेच्या वर जात नाही. तान्ह्या बाळांमध्ये मात्र ती डोके, चेहरा, तळहात आणि तळपाय यांवरच ठळक दिसते, त्यामुळे तुमच्या घरचे म्हणणे बाळाला लागू होत नाही. दोन महिन्यांवरील बाळाला पाच टक्के पर्मेथ्रिन लावता येते, आणि बाळाच्या बाबतीत डोळे व तोंडाभोवतीचा भाग सोडून डोक्यालाही लावतात. बाळ हात चोखते, त्यामुळे हातमोजे घालून ठेवावे लागतात. परंतु आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि बाळाच्या आईचे हात व स्तनाग्रांभोवतीचा भाग त्यांना तपासायला सांगा. तिथेच बहुधा उत्तर सापडते.

तापीकाठ भाऊ, तुमच्या भावजयीसाठीही हेच मलम गरोदरपणात वापरतात, डॉक्टरांना महिना सांगून घ्या. आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या मात्र तिला देऊ नयेत आणि १५ किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलालाही देऊ नयेत. तुमच्या घरातील तीन वर्षांची मुलगी बहुधा त्यातच येईल. हे मुद्दाम लिहितो, कारण गावात "एकेक गोळी सर्वांना" असे वाटप झालेले मी पाहिले आहे.

मंदाताई_धुळे (निवृत्त परिचारिका)

भाऊ, आता तुम्ही पत्नीला घेऊन प्रत्यक्ष तपासणीला जा. धुळे आणि जळगाव दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोग विभाग आहे. शासकीय रुग्णालयांत "सुरक्षा क्लिनिक" नावाने लैंगिक आजारांची तपासणी होते. तेथे नाव गुप्त ठेवतात आणि औषध मोफत मिळते. जांघेतील उवा निघाल्या की एचआयव्ही आणि सिफिलिस यांची रक्ततपासणी दोघांचीही करून घेण्याची पद्धत आहे. उवांमधून ते आजार पसरत नाहीत, परंतु ज्या मार्गाने उवा आल्या त्याच मार्गाने तेही येऊ शकतात, एवढाच त्याचा अर्थ आहे.

सातपुडा_पायथा

मला एक शंका आहे. धागाकर्ते सामायिक खोल्यांमध्ये झोपतात असे त्यांनी लिहिले आहे. तेथील रजईतून उवा येऊ शकत नाहीत का? प्रत्येक वेळी माणसाच्या चारित्र्याकडेच बोट दाखवणे मला बरोबर वाटत नाही.

त्वचाविकार_निवासी

बोट दाखवण्याचा हेतू नाही. ही ऊ माणसाचे रक्त मिळाले नाही तर एक-दोन दिवसांत मरते, आणि तिचे पंजे केस पकडण्यासाठी बनलेले असल्यामुळे ती स्वतःहून केस सोडून कापडावर फारशी उतरत नाही. शौचालयाच्या भांड्यावरून ती येते, हा समज चुकीचा आहे. नुकत्याच वापरलेल्या अंथरुणातून किंवा टॉवेलमधून ती क्वचित येऊ शकते, पुस्तकांतही तसे लिहिलेले आहे. एका विशिष्ट माणसाच्या बाबतीत कोणता मार्ग होता हे उवेकडे पाहून सांगता येत नाही. उपचारासाठी ते ठरवण्याची गरजही नाही, तपासणी मात्र करावी.

सातपुडा_पायथा

तरीही माझे मत असे आहे की अशा मुक्कामाच्या खोल्यांमध्ये एकाच रजईत दोन-दोन माणसे झोपतात आणि "क्वचित" हा शब्द तेथे लागू होतो की नाही, याचा विचार व्हायला हवा.

तापीकाठ_रावेर

आपण दोघेही माझ्यासाठी लिहीत आहात, हे मला समजते. त्या प्रश्नाचे उत्तर मला माझ्या पत्नीला द्यायचे होते आणि काल रात्री मी ते दिले. येथे त्याविषयी अधिक लिहिणार नाही. आज आम्ही दोघे तपासणीला जाऊन आलो. तिलाही उवा निघाल्या, थोड्या. डॉक्टरांनी तिच्या आणि माझ्या पापण्याही भिंगातून पाहिल्या, त्या स्वच्छ आहेत. पापण्यांवर असत्या तर हे मलम तेथे लावायचे नव्हते, डोळ्यांचे व्हॅसलीन दिवसातून दोनदा दहा दिवस जाड थर देऊन लावावे लागले असते, असे त्यांनी सांगितले. मुलांना आणि भाच्याला खरूजच आहे. माझ्या अंडकोषावर ज्या चार गाठी होत्या त्याही खरजेच्याच निघाल्या. म्हणजे मला दोन्ही आहे. रक्ताचे अहवाल आले, ते सर्व निर्दोष आहेत. एचआयव्हीची तपासणी तीन महिन्यांनी पुन्हा करायची आहे.

शनिवारी रात्री सर्वांना मलम लावायचे ठरले आहे. कोणत्या चुका होतात तेवढे आधी सांगावे, ही विनंती.

मंदाताई_धुळे (निवृत्त परिचारिका)

शनिवार चांगला निवडला, रविवारी कोणालाही घाईने आंघोळ करावी लागणार नाही. सर्वांत मोठी चूक हातांची होते. बाई सर्वांना मलम लावते आणि नंतर भाकरी थापायला हात धुते. म्हणजे ज्या बेचक्यांत किडे सर्वांत जास्त असतात तेथीलच औषध धुतले जाते. म्हणून जेवणे, भांडी, गुरांचे पाणी, सर्व उरकून मगच मलम लावावे. नंतर जितक्या वेळा हात धुवाल तितक्या वेळा हातांना पुन्हा लावावे. मुलांना रात्री लघवीला नेल्यावरही हे विसरू नका.

गरम पाण्याने आंघोळ करून लगेच लावू नका, अंग थंड आणि कोरडे असू द्या. हनुवटीपासून तळपायापर्यंत, जेथे पुरळ नाही तेथेही लावायचे: कानामागे, बेंबीत, काखेत, ढुंगणाच्या फटीत, अंडकोषाखाली, पायाच्या बोटांत आणि नखांखाली. नखे आधी कापून घ्या. पाठीला स्वतः लावता येत नाही, म्हणून जोड्या लावा. तुमच्या आई वयस्कर असतील तर त्यांच्या डोक्याला आणि कपाळालाही लावलेले बरे. तुम्ही दोघांनी जांघेबरोबर मांड्या, पोट, छाती आणि काखेतील केसांत ते चांगले मुरवा, तुमच्या दाढीचे केसही पाहून घ्या. सातव्या-आठव्या दिवशी सर्वांनी पुन्हा तसेच लावायचे. लिखा सहा ते आठ दिवसांत फुटतात आणि पहिल्या रात्रीचे औषध सगळ्या अंड्यांना मारेलच असे नाही, त्यामुळे दुसरी रात्र चुकवली की पहिली वाया गेली असे समजा.

गोधड्यांचे सांगते. तीन दिवसांत अंगाला लागलेले कपडे आणि चादरी रविवारी सकाळी उकळत्या पाण्यात भिजवून धुवा. गोधडी उकळता येत नाही. मे महिन्यातील भुसावळचे ऊन असते तर दोन दुपारी छतावर टाका म्हटले असते, परंतु हे थंडीचे दिवस आहेत. म्हणून मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि आठवडाभर बाजूला ठेवा. माणूस मिळाला नाही तर किडा तीन दिवसांच्या आसपास मरतो. घरात औषध फवारू नका, भिंती सारवू नका, त्याची काहीच गरज नाही.

तापीकाठ_रावेर (नऊ दिवसांनी)

दोन्ही रात्री पार पडल्या. नऊ जणांसाठी एका रात्रीला आठ नळ्या लागल्या, मुलांना थोडे कमी लागले. अडचण एकच आली, ती आईची. तिला खाज नसल्यामुळे ती तयार होईना. "माह्या आंगले काहीच नही," असे ती म्हणत राहिली. शेवटी नऊ वर्षांच्या नातवाने तिचा हात धरला आणि "आजी, तू नाही लावलंस तर मी तुझ्याजवळ झोपायचं नाही, असं डॉक्टर म्हणालेत," असे सांगितले. तेव्हा तिने स्वतःच पाय पुढे केले.

माझ्या केसांत आता हलणारे काही नाही, पण लिखा दिसतात. मुले रात्री शांत झोपतात. मला मात्र खाज अजून आहे आणि अंडकोषावरच्या गाठी तशाच आहेत. मलम तिसऱ्यांदा लावू का?

औषधालय_शिरपूर

अलीकडे पर्मेथ्रिन पूर्वीसारखे लागू पडत नाही, असे अनेक ग्राहक सांगतात. किडे त्याला सरावले असावेत असे मला वाटू लागले आहे. तिसऱ्यांदा लावून बघायला हरकत नसावी.

त्वचाविकार_निवासी

कृपया लावू नका. किडे मेल्यानंतरही त्यांचे अवशेष कातडीत राहतात आणि खाज दोन ते चार आठवडे टिकू शकते. अंडकोषावरच्या गाठी काही महिनेही राहतात, त्यात जिवंत किडा असतोच असे नाही. वारंवार मलम लावले तर कातडी कोरडी पडून मलमाचीच खाज सुरू होते आणि माणूस ती खरूज समजून आणखी लावत राहतो. रात्री खाजेची गोळी घ्या, अंगाला साधे खोबरेल लावा आणि गाठींसाठी डॉक्टरांना वेगळे औषध विचारा. लिखा केसासोबत वर सरकलेल्या असतील तर त्या रिकाम्या आहेत, बारीक फणीने काढा. केसाच्या अगदी मुळाशी, कातडीला लागून नवी लीख दिसली किंवा ऊ हलताना दिसली तर मात्र लगेच दाखवा. खरजेच्या बाबतीत चार आठवड्यांनंतरही नवे पुरळ उठले, किंवा घरातील ज्याला खाज नव्हती तो खाजवू लागला, तर उपचार फसला असे समजावे.

औषधविक्रेते म्हणतात त्या सरावाबद्दल आमच्या क्षेत्रातही मतभेद आहेत. काही ज्येष्ठ डॉक्टर आता दोन्ही उपचार, म्हणजे मलम आणि आयव्हरमेक्टिन, एकत्र देतात. माझ्या पाहण्यातील बहुतेक अपयश मात्र कमी मलम, धुतलेले हात आणि घरातील एखादा सुटलेला माणूस यांमुळे होते.

बळीराजा_यावल

फवारणीबद्दल मी जे लिहिले होते ते मागे घेतो. काकांना विचारले. त्यांना त्या वेळी दोन दिवस चक्कर आणि अंगाची आग होती, हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलेच नव्हते.

तापीकाठ_रावेर (एकतिसाव्या दिवशी)

खाज थांबली. नवे पुरळ कोणालाही नाही. चारपैकी दोन गाठी उरल्या आहेत. एक काळजी मात्र आहे. भाच्याला त्याचे आईवडील पुढच्या आठवड्यात पुन्हा वसतिगृहात ठेवणार आहेत. मी तेथील व्यवस्थापकांशी फोनवर बोललो. त्यांच्या मते मुलांना थंडीची खाज आहे. चाळीस मुले दोन खोल्यांत जमिनीवर शेजारी शेजारी झोपतात.

मंदाताई_धुळे (निवृत्त परिचारिका)

मग दर पंधरा दिवसांनी तो सुटीत येईल तेव्हा आधी बोटांच्या बेचक्या पाहा, मगच मुलांच्या गोधडीत जाऊ द्या. आता त्याला पुन्हा लागण झाली तर खाज सुरू व्हायला महिना लागणार नाही, एक ते चार दिवसांत सुरू होईल, कारण शरीर आता किड्याला ओळखते. वसतिगृहासाठी तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या, त्यावर भाच्याच्या तपासणीची चिठ्ठी जोडा. चाळीस मुले आणि तेथे झोपणारे कर्मचारी यांना एकाच रात्री औषध द्यायचे आहे, असे स्पष्ट लिहा. अर्जात हेही लिहा की खाजवून पिकलेल्या पुरळामुळे मुलांच्या मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. कोणाच्या चेहऱ्यावर सूज आणि लघवीला तांबूस रंग आहे का, हे त्याच दिवशी तपासून घेण्याची विनंती करा. पोच घ्यायला विसरू नका.

तापीकाठ_रावेर

उद्या सकाळी जाऊन देतो.